एक स्कूप, पाव लिटर दूध आणि पोह्यांची डिश : नाश्त्याच्या कोष्टकाच्या कामनोंदी

१ जुलै

काम असं : व्यायामशाळेत येणाऱ्यांपैकी बरेच जण नाश्त्याबरोबर एक स्कूप व्हे प्रोटीन घेतात. कुणी पाण्यात, कुणी दुधात. वहीत मात्र सगळ्यांची नोंद एकच, ‘पोहे + प्रोटीन शेक’. या नोंदीवरून प्रोटीन, कार्ब्स आणि फॅट किती गेले ते काढता येत नाही. शेकमध्ये काय काय आणि किती होतं ते वेगवेगळं लिहिता येईल आणि बेरीज आपोआप होईल, असं कोष्टक बनवायचं आहे.

आधी नुसत्या पोह्यांचा हिशेब करून ठेवला, म्हणजे शेकने त्यात काय भर पडते ते स्वच्छ दिसेल. एका माणसाचं प्रमाण : जाडे पोहे कोरडे ६० ग्रॅम, कांदा ४० ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम, तेल १० ग्रॅम. मोहरी, हळद, मिरची, कोथिंबीर सोडून दिली. बेरीज साधारण अशी : प्रोटीन ७.५ ग्रॅम, कार्ब्स ५२ ग्रॅम, फॅट १४.७ ग्रॅम, कॅलरी ३७०. पोहे भिजवण्याआधी तोलायचे. भिजल्यावर वजन पाण्याने वाढतं आणि तोच आकडा कोरड्या पोह्यांचा म्हणून भरला, तर कार्ब्स फुगून दिसतात.

तेलाचे १० ग्रॅम म्हणजे सुमारे दोन लहान चमचे. फॅटचा मोठा वाटा इथूनच येतो, हे पुढे दुधाचा विचार करताना लक्षात ठेवायचं आहे.

३ जुलै

आज पावडरचं लेबल. नमुन्याला चॉकलेट चवीचं व्हे कॉन्सन्ट्रेट घेतलं. एक स्कूप ३३ ग्रॅम. त्यात प्रोटीन २४, कार्ब्स ४, फॅट २ ग्रॅम, कॅलरी १३०.

आकडे कोष्टकात भरण्याआधी ते एकमेकांशी जुळतात का ते पाहिलं. प्रोटीन आणि कार्ब्सच्या ग्रॅमला ४ कॅलरी, फॅटच्या ग्रॅमला ९. म्हणजे ९६ + १६ + १८ = १३०. जुळलं. दोनचार कॅलरींचा फरक पूर्णांक करताना पडतो, तो सोडून द्यावा. वीसपंचवीसचा फरक दिसला, तर बहुतेक वेळा आपणच ‘प्रति १०० ग्रॅम’ आणि ‘प्रति सर्व्हिंग’ या दोन रकान्यांतले आकडे एकत्र केलेले असतात.

कोष्टकात स्कूपचा आकडा भरायचा नाही, १०० ग्रॅमचा भरायचा, असं ठरवलं. या पावडरसाठी ते आकडे प्रोटीन ७२.७, कार्ब्स १२.१, फॅट ६.१ असे होतात. बिनचवीच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीनचा आकडा यापेक्षा चढा असतो, कारण कोको आणि चवीचे पदार्थ त्याच ३३ ग्रॅममध्ये जागा घेतात. तोच ब्रँड, पण व्हॅनिलाऐवजी चॉकलेट घेतलं तरी आकडे बदलतात. डबा बदलला की लेबल नव्याने वाचायचं.

४ जुलै

स्कूप तोलण्याचा दिवस. सगळी गडबड इथेच आहे असं वाटत होतं आणि ते खरं निघालं.

स्कूप आकारमान मोजतो, लेबल वजन सांगतं. पावडर जितकी हवेशीर तितकी ती हलकी भरते. एकाच डब्यातून, एकाच स्कूपने, तीन प्रकारे भरून पाहिलं. डबा हलवून पावडर मोकळी केली, स्कूप भरला आणि सुरीच्या पाठीने वरची पातळी सपाट केली तर ३० ग्रॅम. डबा न हलवता, बसलेल्या पावडरमधून भरून सपाट केला तर ३३ ते ३४. आणि रोजच्या सवयीने, स्कूप डब्याच्या भिंतीवर दाबून वर काढला, काठावर दोनदा आपटला, वर छोटासा डोंगर राहू दिला, तर ४१.

४१ ग्रॅममध्ये प्रोटीन जवळजवळ ३० ग्रॅम आणि कॅलरी सुमारे १६१. वहीत २४ आणि १३० लिहिलेले. हलका भरलेला ३० ग्रॅमचा स्कूप प्रोटीनमध्ये २१.८ वर येतो. म्हणजे दोघेही ‘एक स्कूप’ लिहिणार आणि दोघांच्या पोटात आठ ग्रॅम प्रोटीनचा फरक असणार.

काटा नसेल तर ओळखायचं कसं, याची सोपी खूण डब्यातच आहे. एक किलोच्या डब्यात ३३ ग्रॅमचे ३० स्कूप बसतात. रोज एक घेऊन डबा चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी तळाला लागला, तर स्कूप ४० ग्रॅमच्या आसपास भरतोय. महिना उलटून तीन दिवस पुरला, तर तो ३० चा आहे. डबा उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहून ठेवायला सगळ्यांना सांगितलं.

काट्यावर तोलण्याची पद्धतही ठरवली. शेकर काट्यावर ठेवून त्यात चिमटी चिमटी पावडर टाकत गेलं की स्वयंपाकघरातला स्वस्त डिजिटल काटा फसतो. अगदी थोडं थोडं वाढणारं वजन त्याला शून्याचं डळमळणं वाटतं आणि तो ते मोजतच नाही. त्यापेक्षा उघडा डबाच काट्यावर ठेवायचा, शून्य करायचा, स्कूप भरून बाहेर काढायचा. काटा −३३ दाखवेल. तेच आपलं वजन. स्कूप डब्यात पुरलेला असेल तर तो आधी बाहेर काढून मग शून्य करायचं, नाहीतर स्कूपचं स्वतःचं वजनही पावडरमध्ये मोजलं जातं.

७ जुलै

आता दूध. पिशवीवर १०० मिलीचे आकडे छापलेले असतात. आपल्याकडे घेतल्या जाणाऱ्या दोन पिशव्यांचे आकडे भरले. फुल क्रीम : प्रोटीन ३.३, कार्ब्स ५, फॅट ६. टोन्ड : प्रोटीन ३.१, कार्ब्स ४.७, फॅट ३. डबल टोन्डमध्ये फॅट १.५ वर येतं, बाकी दोन आकडे जवळपास तेच.

या आकड्यांत एक गोष्ट ठळक दिसते. पिशवी कोणतीही घ्या, प्रोटीन हलत नाही. २५० मिलीला ८ ग्रॅमच्या आसपासच राहतं. बदलतं ते फॅट : डबल टोन्डमध्ये पावणेचार, टोन्डमध्ये साडेसात, फुल क्रीममध्ये १५. ‘प्रोटीनसाठी घट्ट दूध घेतो’ असं बरेच जण म्हणतात. घट्टपणा बहुतांशी स्निग्धांशाचा आहे, प्रोटीनचा नाही.

‘एक ग्लास’ हे माप कोष्टकातून काढून टाकलं. घरातले स्टीलचे ग्लास पाण्याने भरून तोलले, तर काठोकाठ कुणाचा २०० भरला, कुणाचा ३१०. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा प्रत्येकाने आपला ग्लास एकदाच असा तोलून घ्यावा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, २५० मिली दूध काट्यावर २५७ ग्रॅम भरतं. हा फरक तीन टक्क्यांचा आहे, त्यामागे लागायचं कारण नाही.

शेकरवरच्या रेघांबाबत एक सूचना मात्र आवश्यक आहे. आधी पावडर टाकून मग २५० च्या रेघेपर्यंत दूध ओतलं, तर दूध २५० मिली जात नाही. ३३ ग्रॅम पावडर विरघळल्यावरही सुमारे २५ मिली जागा घेते, म्हणजे दूध सव्वादोनशेच राहतं. आधी दूध रेघेपर्यंत, मग पावडर. या क्रमाने गुठळ्याही कमी होतात.

९ जुलै

कोष्टक उभं केलं. B रकान्यात पावडरचे ग्रॅम, C मध्ये दुधाचे मिली, D मध्ये पावडरचं १०० ग्रॅमचं प्रोटीन, E मध्ये दुधाचं १०० मिलीचं प्रोटीन. शेकचं प्रोटीन F मध्ये :

```
=ROUND(B2*D2/100 + C2*E2/100, 1)
```

कार्ब्स आणि फॅटलाही हेच सूत्र, आपापल्या आकड्यांवर; त्यांची उत्तरं G आणि H मध्ये. कॅलरी वेगळ्या भरायच्या नाहीत, याच तिन्हींवरून काढायच्या :

```
=ROUND(4*F2 + 4*G2 + 9*H2, 0)
```

पाण्यात घेतलं तर C मध्ये 0. पाणी कितीही घातलं तरी मॅक्रो बदलत नाहीत, २०० मिली घ्या की ४००, फक्त चव पातळ होते.

एक स्कूप बरोबर ३३ ग्रॅम धरून, पहिल्या दिवशीच्या पोह्यांबरोबर तीन ओळी चालवल्या.

पाण्यातला शेक : प्रोटीन २४, कार्ब्स ४, फॅट २, कॅलरी १३०. पोह्यांसकट एकूण प्रोटीन ३१.५, कार्ब्स ५६, फॅट १६.७, कॅलरी ५००.

टोन्ड दुधात, २५० मिली : शेकचं प्रोटीन ३१.७, कार्ब्स १५.७, फॅट ९.५, कॅलरी २७५. पोह्यांसकट प्रोटीन ३९.२, कार्ब्स ६७.७, फॅट २४.२, कॅलरी ६४५.

फुल क्रीममध्ये, २५० मिली : शेकचं प्रोटीन ३२.२, कार्ब्स १६.५, फॅट १७, कॅलरी ३४८. पोह्यांसकट प्रोटीन ३९.७, कार्ब्स ६८.५, फॅट ३१.७, कॅलरी ७१८.

पाण्यावरून फुल क्रीमवर आलं की प्रोटीन ८ ग्रॅमने वाढतं आणि कॅलरी २१८ ने. फॅट १६.७ वरून ३१.७ वर, जवळपास दुप्पट. स्कूपच्या १३० कॅलरींची सगळे काळजी करतात आणि तो ज्यात मिसळला त्याच्या २१८ वहीत येतच नाहीत. वजन वाढवायचं असलेल्यासाठी फुल क्रीम उत्तम आहे, तेवढ्या कॅलरी इतक्या सहज पोटात जाणं हीच त्याची गरज असते. ज्याला चरबी उतरवायची आहे त्याने पोह्यांवरचं तेल अर्ध्यावर आणायचं, पाच ग्रॅमचे हिशेब करायचे आणि मग पाव लिटर फुल क्रीम प्यायचं, यात काही अर्थ नाही. तेल निम्मं केल्याने ५ ग्रॅम फॅट वाचतं, फुल क्रीमऐवजी डबल टोन्ड घेतल्याने सव्वाअकरा.

१२ जुलै

पहिल्या आठवड्याच्या नोंदी आल्या. एका नोंदीत सकाळचं दूध दोनदा धरलं गेलं होतं : एकदा शेकच्या ओळीत २५० मिली आणि पुन्हा दिवसाच्या ‘दूध’ या ओळीत. रोज २१८ कॅलरी आणि १५ ग्रॅम फॅट हवेतून आलेले.

ते सापडलं पिशव्यांच्या हिशेबावरून. घरात त्या माणसाच्या वाट्याला रोज अर्ध्या लिटरची एक पिशवी येते आणि कोष्टकात दुधाची बेरीज ७५० मिली होत होती. आता कोष्टकाच्या खाली दिवसाचं एकूण दूध दाखवणारी ओळ घातली आहे. ती आणलेल्या पिशव्यांपेक्षा जास्त दिसली, की कुठेतरी दुबार नोंद आहे.

याच जातीची दुसरी चूक तयार लेबलांतून येते. वजन वाढवण्याच्या पावडरींवर पुष्कळदा दोन रकाने असतात, एक नुसत्या पावडरचा आणि एक दुधात मिसळल्यावरचा. दुसऱ्या रकान्यातला आकडा घेऊन वर आपलं दूध मिळवलं की दूध पुन्हा दोनदा. रकाना नेहमी नुसत्या पावडरचाच घ्यायचा. लेबलावरचं दूध आपल्या पिशवीतलं नसतं.

१५ जुलै

लेबल आणि पातेलं यांच्यात अंतर पडतं, त्याची नोंद.

आपल्याकडे पिशवी फोडून दूध थेट शेकरमध्ये जात नाही. ते तापतं, निवतं, वर साय धरते. पळीने दूध काढताना सायीचा जाड पापुद्रा पळीच्या काठाला लटकतो आणि परत पातेल्यात सरकतो. शेकमध्ये जातं ते त्याच्याखालचं दूध. संध्याकाळी साय वेगळी काढून तुपासाठी फ्रीजमध्ये जाते. अशा दुधात फॅट लेबलपेक्षा कमी असतं. प्रोटीन आणि कार्ब्स मात्र जवळपास तेवढेच राहतात.

उलट बाजूने, दूध उकळत राहिलं तर पाणी उडतं. एक लिटरचं ९०० मिली झालं आणि साय ढवळून घेतली, तर त्यातल्या २५० मिलीमध्ये मूळच्या २७८ मिलीचा ऐवज असतो. फुल क्रीम असेल तर फॅट १५ ऐवजी १६.७ आणि कॅलरी २१८ ऐवजी २४२.

यावर तोडगा असा : ज्यांना नेमका आकडा हवा त्यांनी तापवण्याआधी पावाचं माप वेगळ्या भांड्यात घ्यावं, ते तापवून निववून सायीसकट सगळं वापरावं. मग लेबल जसंच्या तसं लागू पडतं. ज्यांची साय निघते त्यांनी लेबलचं फॅट ही वरची मर्यादा धरावी. खरा आकडा त्याच्या खाली कुठेतरी आहे आणि घरच्या घरी तो मोजता येत नाही.

दोन जणांकडे घरची म्हैस आहे, पिशवीच नाही. त्यांचं दूध डेअरीला जातं आणि संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ छापलेली पावती मिळते. तिचाच उपयोग केला. पावतीवर फॅट ७.०, एसएनएफ ९.०. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून उरलेलं सगळं : त्यातला ढोबळमानाने चार दशांश भाग प्रोटीन, अर्ध्याहून थोडा जास्त दुग्धशर्करा, उरलेले क्षार. म्हणजे प्रोटीन साधारण ३.६ आणि कार्ब्स ४.७. पावतीवरची टक्केवारी वजनाची असते, म्हणून २५० मिलीसाठी ती २५७ ग्रॅमने गुणायची : प्रोटीन ९.३, कार्ब्स १२.१, फॅट १८ ग्रॅम, कॅलरी २४८. फॅट पावतीवर थेट मोजलेलं असतं, प्रोटीन हा अंदाज आहे. ऋतू, वैरण आणि म्हैस व्यायल्याला किती दिवस झाले यानुसार फॅट बदलतं, म्हणून कोष्टकात महिन्यातल्या दहा पावत्यांची सरासरी घातली.

१८ जुलै

शेकरच्या तळाशी काय राहतं ते पाहिलं. रिकामा कोरडा शेकर १२८ ग्रॅम. पिऊन झाल्यावर १३७. म्हणजे ९ ग्रॅम शेक भिंतींना आणि झाकणाला. एकूण शेक २९० ग्रॅमचा होता, तेव्हा वाया गेलं ते तीन टक्के, प्रोटीनमध्ये एक ग्रॅम. दोन घोट पाणी घालून खळबळून प्यायलं की तेही जातं पोटात.

गुठळ्या झाल्या तर गोष्ट वेगळी. गुठळी बाहेरून ओली आणि आतून कोरडी पावडर असते. चमच्याने फोडली की आत भुकटी तशीच दिसते. अशा दोनतीन गुठळ्यांत सहा ग्रॅम पावडर अडकली, तर साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रोटीन धुण्याच्या पाण्यात जातं. याचं मुख्य कारण गरम दूध. सुमारे ७० अंशांच्या वर व्हेमधली प्रथिनं उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात. प्रोटीनचे ग्रॅम त्याने कमी होत नाहीत, लेबलचा आकडा तोच राहतो, फक्त तो गुठळीत बसतो. गरमच हवं असेल तर पावडर आधी थोड्या थंड दुधात पेस्टसारखी कालवायची आणि मग बोटाला सोसेल इतकं कोमट दूध हळूहळू ओतत ढवळायचं.

२२ जुलै

पोट फुगतं अशी तक्रार असलेल्या एकाने कॉन्सन्ट्रेट सोडून, दुग्धशर्करा जवळपास काढून टाकलेलं महागडं आयसोलेट आणलं. शेक मात्र पाव लिटर टोन्ड दुधातच. त्याच्या ओळीतले कार्ब्स पाहिले की उत्तर दिसतं. आधीच्या पावडरच्या कार्ब्समध्ये दुग्धशर्करा असून असून दोनतीन ग्रॅम. दुधाचे जे ११.८ ग्रॅम कार्ब्स आहेत ते सगळे दुग्धशर्करेचेच. पावडर बदलून त्याने लहान आकडा कमी केला आणि मोठा तसाच ठेवला. आठवडाभर जुनीच पावडर पाण्यात घेऊन पाहायला सांगितलं आहे. तेवढ्याने त्रास थांबला, तर आयसोलेटची गरज नव्हती. पाण्यात घेऊनही त्रास राहिला, तर मग पावडरवर संशय घ्यायला जागा आहे आणि गोडीसाठी काय घातलंय ते लेबलवर पाहायचं.

दूध गेलं की ८ ग्रॅम प्रोटीन जातं. ते परत हवं असेल, तर पावडरचे ग्रॅम ३३ वरून ४४ केले की प्रोटीन ३२ होतं आणि कॅलरी १७३ वर राहतात, टोन्ड दुधातल्या शेकपेक्षा शंभराने कमी. कॅल्शियम मात्र दुधातून येत होतं, ते दिवसात दुसरीकडून यायला हवं. त्याच्या जेवणात दही आणि नाचणीची भाकरी आहेच.

२५ जुलै

नवीन डबा आला, वाटाण्याच्या प्रोटीनचा. लेबलवर प्रति सर्व्हिंग प्रोटीन २४ ग्रॅम पाहून एक स्कूप म्हणून २४ लिहिलं गेलं. खाली बारीक अक्षरात सर्व्हिंग म्हणजे दोन स्कूप, ३४ ग्रॅम. एका स्कूपमध्ये १२ च. कोष्टक ग्रॅमवर चालतं म्हणून B मध्ये १७ भरताच चूक उघडी पडली. स्कूपचा रकाना ठेवला असता, तर ती तशीच राहिली असती.

ही पावडर दुधात फार घट्ट होते, २५० ऐवजी ३५० मिली लागतं. ते वाढीव १०० मिली C मध्ये भरायला विसरू नये, टोन्ड असेल तर त्या ५८ कॅलरी आहेत. तेवढं पाणी घातलं तर शून्य. आजपासून अशा पावडरींच्या ओळीत दूध आणि वरचं पाणी असे दोन वेगळे रकाने ठेवले आहेत.